लांबच्या प्रवासात आईचे पाय: मोजा कोणता, मापं कशी घ्यायची आणि पोटरी कशी चालवायची

प्रश्न: आई 64 वर्षांची, डोंबिवलीला राहते. उंची पाच फूट एक इंच, वजन 78 किलो. नऊ वर्षांपासून डायबेटीस आहे, बीपीसाठी अम्लोडिपिन 5 चालू आहे. पोटरीवर निळ्या शिरा दिसतात. गेल्या गणपतीत बसने सावंतवाडीला पोचायला 14 तास लागले आणि उतरली तेव्हा दोन्ही पाय इतके सुजले होते की चपला जाईनात. यंदाही गणपतीला बस आहे आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई–नेवार्क 16 तासांचं विमान. कॉम्प्रेशन सॉक्स घ्यावेत का? कोणते? शेजारचे म्हणतात, अ‍ॅस्पिरिन देऊन टाका, रक्ताची गुठळी होत नाही. खरं काय?

उत्तर: मोजे घ्या. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे, 15–20 एमएमएचजी दाबाचे. पण डायबेटीस असल्यामुळे विकत घेण्याआधी पायाचा रक्तपुरवठा आणि पायाची जाणीव एकदा तपासून घ्या. ते कसं, हे पुढे लिहितो. केवळ प्रवासासाठी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आणि गेल्या वर्षी दोन्ही पाय सारखे सुजले, ती बहुतेक गुठळी नव्हती. सूज आणि गुठळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच कारणातून उगवतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

आधी ते कारण. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायला पायात वेगळं हृदय नाही. ते काम पोटरीचा स्नायू करतो. चालताना पोटरी आवळली की आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. पोटरी सैल पडली की शिरांमधल्या झडपा बंद होतात, म्हणून ते पुन्हा खाली उतरत नाही. माणूस नुसता बसून राहिला की हा पंप बंद. मग घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताचा जो उभा स्तंभ असतो, त्याचं सगळं वजन घोट्याच्या शिरांवर येतं. बसलेल्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब साधारण 50 ते 60 एमएमएचजी असतो. एकाच जागी स्तब्ध उभं राहिलं तर तो 90 च्या आसपास जातो. आणि चार पावलं चाललं की 30 च्या खाली येतो. बसमध्ये किंवा विमानात ‘जरा उभं राहून पाय मोकळे करते’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा: नुसतं उभं राहिल्याने पाय मोकळे होत नाहीत, उलट दाब वाढतो. मोकळे होतात ते चालल्याने किंवा टाचा उचलल्याने.

हा दाब तासन्‌तास राहिला की रक्तातलं पाणी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर झिरपतं आणि घोट्याभोवती साठतं. ती सूज. आईच्या बाबतीत त्यात अम्लोडिपिनची भर आहे. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, त्यामुळे आत येणाऱ्या रक्ताचा जोर वाढतो आणि पाणी जास्त झिरपतं. घोट्यांना सूज हा या गोळीचा अगदी ओळखीचा परिणाम आहे. म्हणून आईच्या पायांवर घरी असतानाही संध्याकाळी मोज्यांच्या रबराची खूण उमटते का, ते पाहा. उमटत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलू शकतात किंवा तिच्या जोडीला दुसरी देऊ शकतात. गोळी मनाने बंद करायची नाही आणि सूज उतरवायला प्रवासाआधी लघवीची गोळीही द्यायची नाही. बसमध्ये त्या गोळीने दुहेरी हाल होतात.

आता गुठळी. ती त्वचेखाली दिसणाऱ्या निळ्या शिरांमध्ये नव्हे, तर पोटरीच्या आत, सोलियस नावाच्या चपट्या स्नायूतल्या पोकळ शिरांमध्ये सुरू होते. तिथलं रक्त हलायचं थांबलं आणि त्यात रक्ताचा घट्ट होण्याचा कल वाढलेला असला, तर झडपेच्या कोपऱ्यात छोटी गुठळी बसते. बहुतेक वेळा ती आपोआप विरघळते. कधी ती वाढत गुडघ्याच्या वर जाते आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकतो, तेव्हा जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा लांब प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, मग प्रवास विमानाचा असो, बसचा, ट्रेनचा किंवा गाडीचा. निरोगी माणसांमध्ये चार तासांवरच्या विमानप्रवासात हे प्रमाण सुमारे 6000 जणांत एक असं निघालं. म्हणजे घाबरून तिकीट रद्द करण्यासारखं काही नाही. पण आई त्या सरासरीत बसत नाहीत. 155 सेंटिमीटर उंचीला 78 किलो म्हणजे बीएमआय 32 च्या पुढे, वय साठीपार, पोटरीवर फुगलेल्या शिरा, आणि उंची कमी. उंची कमी असण्याचा इथे काय संबंध, असं वाटेल. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, मग सीटची कड मांडीच्या मागे आणि गुडघ्याच्या खळगीत रुतते. पायाची मुख्य शीर तिथूनच वर जाते.

तुमच्या यादीत जे नाही, तेही महत्त्वाचं आहे. आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी होणं, कॅन्सरचे उपचार चालू असणं, गेल्या तीन महिन्यांत मोठं ऑपरेशन किंवा पायाला प्लास्टर, इस्ट्रोजेन असलेल्या हार्मोनच्या गोळ्या. घरातल्या लेकीसुनांसाठी यात गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही धरा. यातलं काही असेल तर हे उत्तर पुरेसं नाही. डॉक्टरांना प्रवासाची तारीख सांगून भेटायचं. अशांना कधी कधी रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन किंवा गोळी लागते.

मोज्यांच्या आधी पोटरीचं बोलू. मोजा शिरा बारीक करतो, म्हणून त्यातलं रक्त वेगाने वाहतं. पण ते ढकलण्याचं काम पोटरीच करते. मोजा चढवला आणि आई सोळा तास निजून राहिल्या, तर अर्धंच काम झालं.

बसल्या जागी करायची हालचाल अशी. पाऊल पूर्ण टेकवायचं, गुडघा काटकोनात. चवडा खाली ठेवून टाच जितकी वर जाईल तितकी उचलायची, वर दोन आकडे मोजेपर्यंत धरायची, सोडायची. असं 20 वेळा. मग टाच टेकवून चवडा वर ओढायचा, तोही 20 वेळा. सगळं मिळून दोन-अडीच मिनिटांत होतं. जागं असताना दर अर्ध्या तासाने करायचं. गुडघा वाकलेला असताना टाच उचलली की मुख्य काम सोलियस करतो, आणि गुठळी सुरू होते ती त्याच स्नायूत. म्हणून बसल्या बसल्या केलेली ही साधी हालचाल इतकी उपयोगाची. ती सोपी झाली की दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून वजन द्यायचं.

यात होणारी चूक ठरलेली आहे: लोक पायाची बोटं हलवतात किंवा पाऊल हवेत गोल फिरवतात. त्यात पोटरी फारशी आवळतच नाही. खात्री करायची असेल तर आईंना एक हात पोटरीखाली ठेवायला सांगा. टाच वर गेली की पोटरी हाताला कडक लागली पाहिजे आणि टाच खाली आली की पिकल्या पेरूसारखी मऊ. कडक लागत नसेल तर टाच पुरेशी उचलली जात नाही, किंवा पाऊल खाली टेकलेलंच नाही. आईंच्या उंचीला दुसरंच कारण जास्त संभवतं. उपाय म्हणजे पायाखाली चार बोटं उंचीचं काहीतरी टणक: जाड पुस्तक, चपलांचा खोका, घट्ट गुंडाळून बांधलेली चादर. मोठी बॅग पायाखाली घेऊ नका. तिने पाय उंच होतात खरे, पण हलायची जागा संपते. सामान डिकीत किंवा वर टाका. समोरच्या सीटखालची जागा पायांसाठी मोकळी राहिली पाहिजे.

मांडी घालून बसण्याबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बायका बसच्या सीटवर सवयीने मांडी घालतात किंवा एक पाय दुमडून घेतात. पाऊल वर आल्याने घोट्याचा दाब कमी होतो, ते चांगलंच. पण गुडघा आणि जांघ दोन्हीकडे शीर दुमडते आणि तसंच तासभर डोळा लागला तर पोटरी पूर्ण निपचित पडते. दहा मिनिटं मांडी घालावी, झोपताना नको.

आता मोजा. पहिली पायरी दुकानाची नाही, दवाखान्याची. डायबेटीसमध्ये पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायावर बाहेरून दाब दिला तर बोटांना आधीच कमी मिळणारं रक्त आणखी कमी होतं. आणि डायबेटीसने जाणीव बोथट झालेली असेल तर मोजा रुततोय, कातडी सोलतेय, हे आईंना कळणारच नाही. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी बघतील, आणि नायलॉनच्या बारीक तारेने तळव्याला स्पर्श करून जाणीव तपासतील. नाडी नीट लागली नाही तर डॉपलर या रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. त्याला एबीआय म्हणतात. 0.9 ते 1.3 ठीक. 0.8 च्या खाली असेल तर मोजा मनाने घालायचा नाही. 1.3 च्या वर गेला तर खूश होऊ नका. डायबेटीसमध्ये धमन्यांच्या भिंती चुन्याने कडक झाल्या की हा आकडा खोटा वाढतो, मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. चालताना पोटरीत पेटका येऊन थांबावं लागणं, पावलावर न भरणारी जखम, हृदय कमजोर असल्याने येणारा दम, यांपैकी काही असेल तर तेही त्याच वेळी सांगा.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं की मापं घ्या. सकाळी, अंथरुणातून उठल्या उठल्या, सूज नसताना. संध्याकाळी घेतलेलं माप सुजलेल्या पायाचं असतं. शिवणकामाची टेप पुरते. घोट्याच्या हाडांच्या जरा वर, पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर. पोटरी सगळ्यात जाड असते तिथला घेर. आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. चपलेच्या नंबरवर विकले जाणारे ‘ट्रॅव्हल सॉक्स’ इथेच बाद होतात, कारण चपलेचा नंबर घोट्याचा घेर सांगत नाही, आणि मोज्याचा दाब ठरतो तो घोट्याच्या घेरावर.

समजा, आईंचा घोटा 23 सेंटिमीटर आणि पोटरी 40 भरली. डब्यावरच्या तक्त्यात एम साठी घोटा 21–24, पोटरी 32–38 आहे आणि एल साठी घोटा 24–27, पोटरी 36–42. घोट्याने एम, पोटरीने एल. वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये हे सर्रास होतं. एम घेतला तर वरची पट्टी पोटरीत रुतेल. म्हणजे सगळ्यात जास्त दाब घोट्याला असून तो वर कमी होत जावा, ही मोज्याची सगळी रचनाच उलटी होईल. वर आवळलेली दोरी आणि खाली अडकलेलं रक्त. एल घेतला तर घोट्याला ढिला बसेल, छापलेला दाब मिळणार नाही, पण इजाही होणार नाही. बरोबर उत्तर तिसरं: घोटा एम आणि पोटरी रुंद असा प्रकार काही कंपन्या देतात, दुकानदाराकडून तो मागवून घ्या. न मिळाल्यास सर्जिकल दुकानात मापाने शिवून मिळतो का, ते विचारा. अगदीच काही जमलं नाही तर एल बरा, एम नाही.

दाबाचंही असंच. 15–20 च्या पुढे 20–30 चा मोजा मिळतो आणि ‘जास्त घट्ट तर जास्त चांगला’ असं म्हणून तोच गळ्यात मारला जातो. तो व्हेरिकोज व्हेन्सच्या उपचारात डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरायचा असतो. डायबेटीस असलेल्या आणि वाकून मोजा ओढण्याची सवय नसलेल्या बाईला तो नकोच. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशननंतर घालतात तो पांढरा मोजा झोपलेल्या माणसासाठी असतो, बसून प्रवासासाठी नाही. क्रेप बँडेज तर मुळीच नको: बांधणाऱ्याच्या हाताप्रमाणे दाब बदलतो आणि दोन तासांत ते सरकून घोट्याशी दोरीसारखं गोळा होतं. पाऊल उघडं टाकून नुसती पोटरी झाकणारी बाहीही घेऊ नका, पाणी पावलात उतरून पाऊल फुगतं.

या मोज्यांचा पुरावा चांगला आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा लांबच्या विमानप्रवासांवरच्या नऊ चाचण्यांचा आढावा आहे, एकूण 2637 प्रवासी. उतरल्यावर सगळ्यांची तपासणी केली तेव्हा 50 जणांच्या पायात त्रास न देणाऱ्या गुठळ्या सापडल्या. त्यांतल्या 47 मोजे न घातलेल्यांच्या आणि फक्त 3 मोजे घातलेल्यांच्या. सूजही मोजेवाल्यांमध्ये कमी होती. त्रास देणारी गुठळी कोणालाच झाली नाही, म्हणजे या चाचण्या जिवावरच्या गुठळीबद्दल थेट काही सांगत नाहीत. पण मोठी गुठळी लहानीतूनच वाढते.

घालण्याची पद्धत बहुतेकांची चुकते. मोजा गुंडाळी करून चढवायचा नाही. गुंडाळीचा रबरी गोळा ओढताना कातडी खरचटते, शिवाय ताण सगळीकडे सारखा बसत नाही. हात मोज्यात घालून टाचेची वाटी आतून चिमटीत पकडा आणि मोजा टाचेपर्यंत उलटा करा. तयार झालेल्या खिशात पाऊल सरकवा आणि टाच वाटीत नेमकी बसवा. टाच अर्धा इंच जरी सरकली तरी घोट्याचा दाब पावलावर जातो. मग उरलेला भाग तळहातांनी चोळत चोळत वर न्या. वरची कड ओढून चढवू नका. आईंच्या बोटात अंगठी असेल तर आधी काढायला सांगा, नख आणि अंगठी या दोन गोष्टींनी मोजा फाटतो. घरात भांडी घासायचे रबरी हातमोजे असतील तर ते घालून चोळलं की मोजा झरकन चढतो. पाय ओला असेल तर आधी पूर्ण कोरडा करा. मुंबईच्या दमट हवेत बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की सोळा तासांत बुरशी धरते, आणि डायबेटीसच्या पायाला ती महागात पडते. वरची पट्टी गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं राहिली पाहिजे. मोजा लांब झाला तर वरून दुमडू नका. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो. तो खाली ओढून सारखा पसरवा.

वेळही महत्त्वाची. मोजा सुजलेल्या पायावर चढवायचा नसतो. विमान सकाळचं असेल तर पलंगावरून पाय खाली टेकवण्याआधीच चढवा. गणपतीची बस बहुतेक रात्री सुटते आणि तोवर आईंचा दिवस मोदकाची तयारी, सामान, निरोप यात उभ्याने गेलेला असतो. अशा वेळी निघण्याआधी अर्धा तास आडवं व्हायचं, पायाखाली दोन उशा, मग मोजे. प्रवासात मधेच काढू नका, काढल्यावर पाय फुगतात आणि पुन्हा चढत नाहीत. पण बोटं उघडी राहणारा मोजा घ्या आणि दर चार तासांनी बोटांकडे नजर टाका. गुलाबी आणि कोमट असली पाहिजेत. अंगठ्याचं नख दाबून सोडलं की पांढुरका रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. बोटं निळसर पडली, बधिर झाली, झिणझिण्या थांबेनात किंवा दुखू लागलं, तर मोजा तिथल्या तिथे काढा, मग विमान कुठेही असो.

प्रवासाचे तास दारापासून मोजायचे, सीटपासून नाही. डोंबिवलीहून विमानतळापर्यंत गाडीत दोन तास, तिथे बसून तीन, विमानात सोळा, उतरल्यावर पुन्हा गाडीत तास-दीड तास. बावीस तासांच्या वर गेलं. मोजे या सगळ्या वेळेसाठी, आणि टाचा उचलणंही विमानतळाच्या खुर्चीपासून सुरू. विमानात मधल्या वाटेकडेची सीट मागून घ्या. खिडकीशी बसलेली वयस्कर बाई ‘दोघांना उठवायचं कशाला’ म्हणून पाणीच पीत नाही आणि हलतही नाही. पाण्याने गुठळी थेट टळते असं नाही, पण पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठलं की चालावं लागतं. दर दोन तासांनी शौचालयापर्यंत जाऊन यायचं, रांग असेल तर रांगेत टाचा उचलत राहायचं. झोपेची गोळी टाळा. तिने आलेल्या झोपेत माणूस कूस बदलत नाही आणि पोटरी तासन्‌तास निश्चल राहते.

बसमध्ये वाटेकडेच्या सीटचा तितका उपयोग नाही, कारण चालती बस आणि उभं राहणं वयस्कर माणसाला धोक्याचं. तिथे सगळी भिस्त थांब्यांवर. बस थांबली की चहा नको असला तरी उतरायचं आणि पाच मिनिटं चालायचं. रात्री दोन वाजता उतरायला आई कुरकुर करतील, पण तोच थांबा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याआधी सलग झोप झालेली असते. पुशबॅक सीटला पोटरीखाली वर येणारी फळी असते. ती उचलून त्यावर पोटऱ्या टेकवून पावलं लोंबकळत ठेवली, तर फळी नेमकी पोटरीच दाबते. पावलांना टेका मिळत नसेल तर फळी खाली ठेवा. खरं तर सावंतवाडीला रेल्वेचा बर्थ मिळाला तर तो बसपेक्षा कितीतरी बरा. आडवं झाल्यावर पाय हृदयाच्या पातळीला येतात, घोट्याचा दाब जवळजवळ नाहीसा होतो आणि डब्यात धरून धरून चालताही येतं.

अ‍ॅस्पिरिनबद्दल. ती गोळी रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतली गुठळी प्लेटलेट्सपासून सुरू होते, तिथे तिचा मोठा उपयोग. संथ वाहणाऱ्या शिरेतली गुठळी मुख्यतः फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या धाग्यांच्या जाळ्यात अडकलेल्या लाल पेशींची असते, तिथे तिचा जोर कमी पडतो. केवळ प्रवासातली गुठळी टाळायला अ‍ॅस्पिरिन देऊ नये, असं अमेरिकन छातीरोग तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात. पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका मात्र एका गोळीलाही असतो. हृदयासाठी आधीपासून चालू असती तर चालूच ठेवायची होती. आईंना ती नाही, तर सुरू करायची नाही.

उतरल्यावर काय पाहायचं, ते आता. दोन्ही पाय सारखे, घोट्याभोवती, बोटाने दाबल्यावर खड्डा पडणारी सूज आणि रात्री पायाखाली उशी घेऊन झोपल्यावर एक-दोन दिवसांत उतरणारी, ही पाण्याची. एकच पाय जास्त सुजला, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, कातडी तांबूस किंवा ताणलेली दिसते, तर गुठळी आहे असं धरून चालायचं. शंका असेल तर टेप घ्या: गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या खाली 10 सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी. गुठळ्या बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत कळून येतात, पण आठ आठवड्यांपर्यंत लक्ष असू द्या. नेवार्कला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पोटरी दुखली तर ‘थंडीने आखडली असेल’ म्हणून सोडू नका, आणि तिथल्या डॉक्टरला 16 तासांचा प्रवास झालाय हे आपणहून सांगा.

आणि अशा दुखऱ्या पोटरीला तेल लावून चोळायचं नाही. आपल्या घरांत पाय दुखला की पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. आत ताजी गुठळी असेल तर चोळण्याने तिचा तुकडा सुटू शकतो. शेकही नको. तपासणी होईपर्यंत पाय तसाच ठेवा.

अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, घेरी येऊन पडणं, यांतलं एकही झालं तर ते फुप्फुसात गेलेल्या गुठळीचं असू शकतं, पाय दुखत नसला तरीही. महाराष्ट्रात 108, अमेरिकेत 911. बसमध्ये असाल तर पुढच्या थांब्याची वाट बघू नका, ड्रायव्हरला जवळच्या हॉस्पिटलपाशी गाडी घ्यायला सांगा.

नोव्हेंबरच्या विमानाआधी गणपतीची बस आहे, तीच रंगीत तालीम समजा. मोजे महिनाभर आधी आणा, घरी तीन-चार दिवस दोन-दोन तास घालून बघा आणि काढल्यावर पाय उजेडात तपासा: वरच्या पट्टीची हलकी खूण पंधरा-वीस मिनिटांत गेली पाहिजे. खोल खाच, फोड किंवा लाल चट्टा राहिला तर तो मोजा बदलायचा. बसच्या दिवशी निघण्याआधी दोन्ही घोट्यांचा घेर लिहून ठेवा आणि सावंतवाडीला पोचल्यावर मोजे काढून लगेच पुन्हा मोजा. अर्धा-एक सेंटिमीटर वाढ असेल तर हेच मोजे विमानाला चालतील. दोन्हीकडे दोनच्या पुढे गेली तर मोजा ढिला आहे, टाच वाटीत बसली नव्हती किंवा अम्लोडिपिनचं काम मोज्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. ते ठरवायला डॉक्टरांकडे जायला नोव्हेंबरपर्यंत पुरेसे दिवस असतील.